सरासरीत ठरावीक मिनिटे मिळवून का भागत नाही

«सरासरी अंदाजात सरसकट १० मिनिटे मिळवली की काम भागते, त्यासाठी वेगळे क्वांटाइल रिग्रेशन कशाला?»

खाद्यपदार्थांची ऑर्डर घरी कधी पोहोचेल हे ग्राहकाला सांगताना हा प्रश्न विचारला जातो. क्वांटाइल रिग्रेशन सरासरी वेळेऐवजी, ठरावीक टक्के ऑर्डरी ज्या वेळेच्या आत पोहोचतील ती मर्यादा शिकते. विलंबाचा पसारा सर्व ऑर्डरींसाठी सारखा असता, तर सरसकट १० मिनिटे मिळवणे मान्य करता आले असते. समजा, दोन ऑर्डरींचा सरासरी अंदाज ३० मिनिटांचाच आहे. मात्र दुपारची जवळची ऑर्डर बहुधा २७ ते ३३ मिनिटांत पोहोचते, तर पावसाळी संध्याकाळी रेल्वे फाटक ओलांडून जाणारी २० मिनिटांतही पोहोचते किंवा ५० मिनिटेही घेते. दोघांनाही ४० मिनिटे सांगितली, तर पहिला ग्राहक विनाकारण थांबतो आणि दुसऱ्याला दिलेला शब्द वारंवार मोडतो. ०.९ क्वांटाइलसाठी, म्हणजे ९० टक्के ऑर्डरी ज्या मर्यादेच्या आत याव्यात तिच्यासाठी, मॉडेल शिकवताना अंदाजापेक्षा उशीर झाल्यास प्रत्येक मिनिटाला ०.९ आणि लवकर पोहोचल्यास ०.१ इतका दंड लागतो. त्यामुळे ४० मिनिटांच्या अंदाजावर ५० मिनिटे लागली तर दंड ९, आणि ३० लागली तर केवळ १. या असमान दंडामुळेच पाऊस, अंतर, स्वयंपाकघरातील गर्दी यांनुसार वरची मर्यादा आपोआप कमीजास्त होते.

ही मर्यादा खरी ठरते का, याची पडताळणीही हवी. एकूण ९० टक्के ऑर्डरी मर्यादेच्या आत आल्या, एवढ्यावर समाधान मानू नये. पावसाळी संध्याकाळचे प्रमाण वेगळे काढावे, कारण तिथे ते ७५ टक्क्यांवर घसरलेले असूनही दुपारच्या ९५ टक्क्यांखाली सहज झाकले जाते. शिवाय फार उशीर झाल्याने रद्द झालेल्या ऑर्डरी विदेतून गाळल्या जातात, आणि नेमके वरचे टोकच खोटे कमी दिसू लागते.