मदत हवी आहे: ड्रायव्हर लोकांसाठी लायसन, चलान आणि कागदपत्रांचं परिपत्रक, मजकूर बघून द्याल का?

गाठीवाला
नमस्कार मंडळी. इचलकरंजीहून भिवंडीला कापडाच्या गाठी नेण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. चार दहाचाकी आणि दोन पिकअप. आजवर सगळं तोंडी चालायचं. गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका गाडीमालकाचा विमा क्लेम ड्रायव्हरच्या लायसनवरून अडकला, तेव्हापासून वडील मागे लागलेत की सगळ्यांना लेखी दे आणि सह्या घे. खालचा मसुदा रात्री बसून लिहिलाय.

> सर्व चालकांस कळविण्यात येते की,
> १) प्रत्येकाने आपल्या लायसनची मुदत तपासून वेळेत नूतनीकरण करून घ्यावे.
> २) गाडीची सर्व कागदपत्रे मोबाईलमध्ये ठेवावीत. ग्रुपवर फोटो टाकले आहेत.
> ३) चलान आल्यास त्याची पूर्ण रक्कम संबंधित चालकाच्या पगारातून कापण्यात येईल.
> ४) सूचनेचे उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई होईल.

यात कायद्याच्या दृष्टीने काही चुकतंय का? आणि अजून काय घालू?

रंकाळा_चौपाटी
पहिल्या मुद्द्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. मुदत संपली तरी तीस दिवस सवलत असते, तेवढ्यात काम होतं. आणि सुप्रीम कोर्टानं बॅजची भानगडच काढून टाकली आहे, साधं लायसन असलं की झालं.

घाटमाथा
रंकाळा, दोन्ही अर्धवट आहे आणि यातल्या अर्ध्यानंच मालक गोत्यात येतो. मी बरीच वर्षं मोटर क्लेमच्या फायली बघितल्या आहेत.

तीस दिवसांची सवलत पूर्वी होती. 2019 च्या दुरुस्तीत ती काढली. आता ज्या तारखेला मुदत संपते, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लायसन नाही. लोक ज्याला सवलत समजतात ती वेगळी गोष्ट आहे. मुदत संपल्यावर वर्षभरात अर्ज केला तर पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही, वर्ष उलटलं की टेस्ट. पण त्या मधल्या काळात गाडी चालवायची परवानगी कुठेच नाही.

कोर्टाचा निकाल नोव्हेंबर 2024 चा, पाच न्यायाधीशांचा. त्यात म्हटलंय की हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला भरून 7500 किलोच्या आतलं मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येतं. म्हणजे गाठीवाल्यांच्या दोन पिकअपना त्याचा आधार आहे, दहाचाकीला अजिबात नाही.

गाठीवाला, तुमचा मुद्दा क्रमांक एक वाचून ड्रायव्हर काय करेल सांगतो. कार्ड काढेल, 2037 बघेल आणि खिशात ठेवेल. कार्डावर दोन तारखा असतात. `NT` पुढे खाजगी वाहनाची, `TR` पुढे मालवाहू-प्रवासी वाहनाची. `TR` पाच वर्षांची असते (2019 च्या आधी तीनच वर्षांची मिळायची), `NT` बरीच लांबची असते. ट्रकवाल्यानं `TR` बघायची. परिपत्रकात हे एक वाक्य नसेल तर बाकी कागद फुकट.

गाठीवाला
बाप रे. आत्ताच सगळ्यांच्या कार्डांचे फोटो मागवले. एकाचं `TR` पुढच्या महिन्यात संपतंय, त्याला विचारलं तर म्हणतो "शेठ, माझं 2034 पर्यंत आहे." अगदी तुम्ही म्हणालात तसंच. पण समजा चार-दोन आठवडे उशीर झाला आणि नंतर नूतनीकरण झालं, तर मागची तारीख धरून भरून निघत नाही का?

घाटमाथा
नाही. समजा `TR` 18 जून 2025 ला संपलं. ड्रायव्हर गावाला गेला, डॉक्टरचं प्रमाणपत्र राहिलं, ऑगस्ट अखेरीस अर्ज केला आणि 2 सप्टेंबरला नूतनीकरण झालं. नवीन लायसन 2 सप्टेंबरपासून धरतात. आता 20 ऑगस्टला सातारच्या अलीकडे ट्रकनं दुचाकीला धडक दिली असेल, तर त्या दिवशी तो माणूस कायद्यानं विनालायसन होता. नंतरचं कार्ड दाखवून उपयोग नाही.

तुमच्या ट्रकच्या नुकसानीचा क्लेम कंपनी सरळ नाकारते. दुचाकीवाल्याच्या भरपाईचं वेगळं असतं. बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी तुम्ही द्या, मग मालकाकडून वसूल करा. पाचपंचवीस लाखांची वसुली चार ट्रकच्या मालकाकडे आली की काय होतं ते लिहायला नको. मालकानं लायसन तपासायची काळजी घेतली होती की नाही हा तिथे खरा प्रश्न असतो. म्हणून सह्यांचं परिपत्रक आणि तारखांची वही जपून ठेवा, कामाला येते. मात्र वहीत मुदत संपलेली दिसत असून गाडी दिली असेल तर तीच वही तुमच्या विरोधात जाते. शिवाय विनालायसन माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला वेगळा दंड आहेच, पाच हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

अर्ज मुदतीच्या आधी वर्षभर करता येतो. तुम्ही वहीत तीन महिने आधीची खूण करा. अडतं कुठे, तर वैद्यकीय प्रमाणपत्राशी. ट्रकवाल्याला प्रत्येक वेळी नमुना 1-अ लागतो आणि चाळिशीपुढे डोळ्यांचा नंबर निघाला की चष्मा होईपर्यंत आठवडा जातो.

मीच_तो
माझ्या स्कूटरच्या लायसनवर नाव चुकलंय, आधारवर "पांडुरंग" आणि लायसनवर "पाडुरंग" असं आहे. नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त होईल का? सिग्नलचं एक चलान पण आहे.

घाटमाथा
नाव बदलाचा अर्ज सारथीवर वेगळा असतो. दादा, वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

चाक_दहा
मी स्वतः ड्रायव्हर आहे, बावीस वर्षं. मुद्दा दोन वाचून हसू आलं. ग्रुपवरचा फोटो कुणी बघत नाही साहेब. रात्री कागलच्या पुढे गाडी अडवली की पोलीस म्हणतो, "डिजिलॉकर उघड." ड्रायव्हर व्हॉट्सॲप उघडतो, वर दोनशे गुड मॉर्निंग, विम्याचा फोटो गेल्या वर्षीचा. त्यातच नेट जातं.

गाडीत फाईल ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, सीटमागच्या कप्प्यात. आरसी, विमा, पासिंग, परमिट, पीयूसी.

सौ_कुलकर्णी
मी पुण्यात एका वाहतूकदाराचं ऑफिस सांभाळते. चाक_दहा म्हणतात ते खरं आहे, पण मूळ कागद गाडीत ठेवायला आमचे मालक तयार नाहीत. एकदा फाईलसकट बॅटरी चोरीला गेली होती.

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद मूळ प्रतीसारखाच धरायचा असा नियम 2018 पासून आहे. फोटोला आणि स्क्रीनशॉटला तो मान नाही. अडचण अशी की गाडी मालकाच्या नावावर असते, त्यामुळे ड्रायव्हरच्या डिजिलॉकरमध्ये त्याचं लायसन येतं पण आरसी येत नाही. आम्ही एमपरिवहनमध्ये आरसी घेतो, चॅसी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकावे लागतात. ते काम ऑफिसात बसून आम्हीच त्याच्या फोनवर करून देतो. "करून घ्यावे" असं लिहून एकानंही केलं नव्हतं.

गाडीत झेरॉक्सची फाईल असते. ती कायद्यानं पुरते असं नाही, पण नेट नसताना बोलणं तरी सुरू होतं. विमा बदलला की त्याच दिवशी जुनी झेरॉक्स फाडायची. मुदत गेलेला कागद वर असला की चौकशी लांबते.

चाक_दहा
ताई, मूळ कागद नसला की आम्ही रस्त्यावर तासभर उभे. तुमचे मालक घरी झोपलेले असतात. बॅटरीसोबत फाईल जाते म्हणून आम्हाला उभं करायचं हे काही पटत नाही.

सौ_कुलकर्णी
पटणार नाही, कळतं मला. आमच्याकडेही यावर दर दिवाळीला वाद होतो.

मला जास्त खटकला तो मुद्दा तीन. पूर्ण रक्कम पगारातून कापू असं सरसकट लिहू नका. दंड म्हणून कापायचं असेल तर पगाराच्या तीन टक्क्यांची मर्यादा आहे आणि आधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. आणि मुळात चलान कुणाचं? सीटबेल्ट, मोबाईल, सिग्नल ही ड्रायव्हरची. पीयूसी, पासिंग, विमा, फुटका टेललाइट ही मालकाची.

चलान गाडीच्या नंबरवर येतं, मेसेज मालकाच्या मोबाईलवर. तोवर त्या गाडीवर दुसरा माणूस असतो. म्हणून आम्ही आधी चलानवरचा फोटो, वेळ आणि ठिकाण बघतो, मग खेपेच्या वहीत त्या दिवशी कोण होतं ते. एकदा चलान चाकणचं आणि आमची गाडी त्या वेळी सोलापुरात खाली होत होती. फोटो मोठा करून बघितला तर नंबरात 3 च्या जागी 8. तक्रार टाकली, वजन काट्याची पावती जोडली, रद्द झालं.

गाठीवाला
हे फार उपयोगी. ओव्हरलोडचं काय करायचं? वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. गाठी भरतो व्यापारी, चालवतो ड्रायव्हर, मेसेज येतो मला.

चाक_दहा
काट्यावर जास्त दिसलं म्हणून मी गाडी हलवली नाही, तर दुसऱ्या दिवशी खेप कुणाला मिळते? ते आधी परिपत्रकात लिहा.

रंकाळा_चौपाटी
अर्धं-अर्धं करा. आमच्या मामांकडे तसंच आहे.

घाटमाथा
ओव्हरलोडला अर्धं-अर्धं कशाला? भरल्यावर काटा करायचा, पावतीचा फोटो ऑफिसला, जास्त असेल तर मालकानं "उतरव" म्हणायचं. मालक "चल" म्हणाला तर दंड मालकाचा. व्यापाऱ्याकडून वसूल करता येईल का हे बिल्टीवर काय लिहून घेता त्यावर आहे, ते तुमच्या वकिलाला विचारा.

गाठीवाला
सगळ्यांचे आभार. पुन्हा लिहिलं, बोलतो त्याच भाषेत:

> भावांनो,
> लायसनवर दोन तारखा आहेत. ट्रकवाल्यांनी `TR` ची तारीख बघायची. सगळ्यांच्या तारखा ऑफिसच्या फळ्यावर लिहिल्या आहेत. तीन महिने आधी ऑफिसमधून सांगू, त्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. त्या दिवसाचा पगार आणि फी ऑफिस देईल. `TR` संपलेल्या माणसाला एक दिवससुद्धा गाडी मिळणार नाही, खेप कितीही अर्जंट असली तरी.
> शनिवारी फोन घेऊन या. लायसन डिजिलॉकरमध्ये, आरसी एमपरिवहनमध्ये टाकून देतो. ग्रुपवरचे फोटो पोलिसाला दाखवू नका.
> चलान आलं की फोटो आणि वही बघून, तुमच्याशी बोलून ठरवू. कागदाचं आणि गाडीचं चलान मालकाचं. गाडी भरली की काट्याची पावती पाठवा, उत्तर आल्याशिवाय हलू नका.

मूळ कागद गाडीत की ऑफिसात, यावर वडिलांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. ते वाक्य सध्या गाळलंय.

सौ_कुलकर्णी
छान. एक भर घाला, सहीसमोर तारीख त्यांच्याच हातानं लिहून घ्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवल्याचं खाली लिहा आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्या. आणि "उत्तर आल्याशिवाय हलू नका" लिहिलंय तर रात्री दोनला उत्तर कोण देणार त्याचा नंबर पण टाका.

चाक_दहा
नंबर टाकाच. आणि उचला.