मदत हवी आहे: सर्कल स्कर्टची कडा उतरली, अजून सात शिवायचे आहेत

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी मालवणजवळ राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, मुलींचे फ्रॉक एवढंच माझं जग. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आठ मुलींचा नाच आहे आणि त्यांचे स्कर्ट माझ्याकडे आलेत. सरांची अट एकच, गिरकी घेतली की स्कर्ट छत्रीसारखा उघडला पाहिजे. म्हणून सर्कल घेतला. खाली दोन इंची जरीचा काठही हवाय.

एक नमुना शिवला. मुलीची कंबर २४, उंची २४. रेयॉन, पन्हा ४४. कंबरेला ६.२८ ने भागून त्रिज्या ३.८ आली, तशी कापली. दोन अर्धी वर्तुळं करून दोन बाजूंना जोडली. शिवून झाल्यावर दोन घोटाळे दिसले. कंबर साडेसत्तावीस भरतेय. आणि रात्रभर खुंटीला लावून ठेवला तर सकाळी खालची कडा वरखाली! कापताना एकसारखी होती, शपथेवर सांगते.

बारा दिवस आहेत. कापड कापून बसलेली नाही अजून, म्हणून विचारतेय.

गजालीवाली
गो बाय, रेयॉन धुतल्याशिवाय कापलंस तर असाच होतला. रेयॉन आटता. आधी भिजवून, सुकवून, इस्त्री मारून मगच कात्री लाव.

खाडीपलीकडचा
मला शिवणातलं कळत नाही, पण आमच्या हिचा पेन्सिल स्कर्टपण असाच बिघडला होता. बँकेत घालून जायची. स्कूटरवर बसताना मागची चीर वरपर्यंत उसवली. टेलर म्हणाला कापड खराब. तुमचंही कापडच खराब असेल.

शिंपीणकाकू
खाडीपलीकडचे भाऊ, वहिनींच्या स्कर्टला कापडाचा दोष देऊ नका. पेन्सिल स्कर्ट मांडीला चिकटून खाली अरुंद होतो, त्यात पाऊल जेमतेम वीतभर पडतं. चालायला जी जागा हवी ती फक्त त्या मागच्या चिरेतून मिळते. स्कूटरवर पाय फाकले की सगळा ताण चिरेच्या वरच्या टोकावर येतो. तिथे आडवी बळकट शिलाई मारली असती तर टिकला असता. पण इथला प्रश्न वेगळा आहे.

सुईदोरा, आधी एक सांग. कडा नक्की कुठे उतरलीये? पुढच्या मधोमध की बाजूच्या जोडाशी?

सुईदोरा
काकू, तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा टांगून पट्टी लावून बघितलं. पुढे मधोमध ठीक आहे. दोन्ही जोडांशीही ठीक. त्यांच्या अधेमधे उतरलंय, पुढे दोन ठिकाणी आणि मागे दोन ठिकाणी. सगळ्यात जास्त सव्वा इंच.

शिंपीणकाकू
मग कापड आटलेलं नाही, क्रॉस उतरलाय. गजालीवाली म्हणते ते खरं आहे की रेयॉन आधी धुवावं, उरलेलं कापड धूच. पण आटलं असतं तर उभ्या धाग्याच्या दिशेने सगळं सारखं आखूड झालं असतं, बरोब्बर चार ठिकाणी लांब नसतं झालं.

एक हातरुमाल घे. समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढ, हलत नाही. आता तिरके दोन कोपरे धरून ओढ. कसा लांब होतो बघ! उभा धागा ताण घेतो, आडवाही घेतो, पण तिरक्या दिशेत कुठलाच धागा सरळ नसतो, म्हणून दोन्ही एकमेकांवरून सरकतात. तुझ्या स्कर्टच्या जोडावर उभा धागा खाली जातोय, मधोमध आडवा. त्यांच्यामधली जागा बरोबर तिरकी. अर्ध्या वर्तुळात अशा दोन, पूर्ण वर्तुळात चार. तिथे कापड स्वतःच्याच वजनाने उतरतं. रेयॉन जड आणि लुळं, म्हणून जास्त.

सर्कल इतका सुंदर फिरतो तोही याच तिरकसपणामुळे. कंबरेला एकही चुणी नाही आणि तळाला घेर पावणेदोनशे इंच. त्यामुळे गिरकीत तो सपाट तबकासारखा उचलला जातो. फायदा आणि त्रास एकाच कापातून आलेत.

करायचं असं. कंबरपट्टी लाव, पण तळ शिवू नकोस. दोन रात्री टांगून ठेव. मग मुलीला स्टुलावर उभी कर, एका काठीवर खूण करून ती स्टुलाला टेकव आणि त्या उंचीवर गोल फिरून खडूने ठिपके काढ. ठिपक्यांवर काप. कंबरेपासून मोजू नकोस, टेपला चार ठिकाणचं उतरणं नेमकं पकडता येत नाही.

बांद्याची_मुलगी
सुईदोरा, कंबरेला सरळ इलॅस्टिक घाल की, साडेसत्तावीस काय नि अठ्ठावीस काय. आणि तळाला पिको करून घे, बाजारात साड्यांना करतात तसा. माझ्या घागऱ्याला केला होता. दुमडायची कटकटच नाही.

शिंपीणकाकू
पिको चांगली सूचना आहे, फक्त टांगून, कापून झाल्यावर. आधी केलास तर उतरलेली कडाच पक्की होईल.

कंबरेचं मात्र गणित आहे, त्यावर इलॅस्टिक हा उपाय नाही. सुईदोरा, तू ३.८ वर कापलंस आणि शिलाई अर्धा इंच आत मारलीस ना? म्हणजे शिलाई पडली ४.३ वर. त्याला ६.२८ ने गुण, २७ आले. वरचा अर्धा इंच कंबर हाताळताना ताणली गेली म्हणून. ब्लाउजला माया बाहेर सोडायची सवय असते. वर्तुळात कंबरेची माया मध्याकडे जाते. पुढच्या वेळी ३.३ वर काप आणि कापल्या कापल्या कंबरेच्या कडेला एक साधी शिलाई मारून घे, म्हणजे ताणणार नाही. या नमुन्याला मागच्या भागात इलॅस्टिक घाल, तेवढ्यापुरती बांद्याची मुलगी जिंकली.

सुईदोरा
देवा! माया मध्याकडे जाते, हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद काकू. आता जरीचा काठ कसा लावू? नमुन्यावर धरून बघितला तर आतल्या बाजूला चुरगळतोय.

शिंपीणकाकू
चुरगळणारच. काठ सरळ आहे, तुझी कडा गोल. काठाची खालची बाजू १७५ इंच, तर दोन इंच वरची बाजू साधारण १६२. ते तेरा इंच कुठेतरी मुडपले जाणार. क्रॉसमध्ये कापलेली कापडी पट्टी गोलावर वळते, जरीचा विणलेला काठ वळत नाही. म्हणून दुमडही पाव इंचापेक्षा मोठी घेऊ नये. सरांना छत्री आणि काठ दोन्ही हवं असेल तर सर्कल सोडून थरांचा स्कर्ट करून बघ.

बांद्याची_मुलगी
थरांचा? म्हणजे जत्रेतल्या फ्रॉकसारखा? त्यापेक्षा प्लीट्सचा करा. युनिफॉर्मचा स्कर्टही गिरकीत किती छान उघडतो.

शिंपीणकाकू
उघडतो आणि परत मिटतोही, तेच त्याचं वैशिष्ट्य. पंख्यासारखा. पण एकेका प्लीटखाली दोन पदर दडलेले असतात, म्हणजे कंबरेच्या तिप्पट कापड लागतं. शिवाय घडी टिकायला पॉलिएस्टर हवं, ते उष्णतेने घडी धरून ठेवतं. रेयॉनवरची इस्त्री आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंतही पुरणार नाही.

आता थर. एका थराच्या तळाला पुढच्या थराच्या चुण्या, असे तीन. सगळ्या सरळ पट्ट्या, तिरकं काही नाही, म्हणून उतरणं नाही आणि काठ सपाट बसतो. सुईदोरा, तुझ्या मापाला आठ-आठ इंचाचे तीन थर धर. पहिला कंबरेच्या दुप्पट म्हणजे ४८ इंच, दुसरा ९६, तिसरा १९२. एकूण ३३६ इंच पट्टी. ४४ पन्ह्यात आठ पट्ट्या, मायेसकट नऊ-नऊ इंचाच्या, म्हणजे ७२ इंच कापड. जोडांना थोडं जास्त धरून सव्वादोन मीटर. सर्कलला किती लागलं?

सुईदोरा
सर्कलला जवळजवळ तीन मीटर! आणि पन्ह्यातली पंधरा इंचाची चिंधी उरली ती वेगळीच. घेरही थरात जास्त येतोय की.

शिंपीणकाकू
घेर जास्त, पण चाल वेगळी, म्हणून फसू नकोस. सर्कल सपाट उचलला जातो. थरांच्या स्कर्टमध्ये चुण्यांच्या जोडांवर वजन असतं, तो घंटेसारखा झुलतो, खालचा थर मागून येतो आणि मुलगी थांबल्यावरही क्षणभर हलत राहतो. गॅदरिंग उघड्यावर आहे का?

सुईदोरा
हो, समुद्राला लागून मैदान. संध्याकाळी वारा भरपूर.

बांद्याची_मुलगी
मग सर्कल नकोच गं! माझा ट्युलिप स्कर्ट होता, पुढे दोन पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. दिसायला सुंदर, कमरेला फुगीर, गुडघ्याशी निमुळता. बंदरावर फोटो काढायला गेलो तर वाऱ्याने वरची पाकळीच उघडली. एक हात स्कर्टवर नि एक हात केसांवर, सगळे फोटो तसेच.

गजालीवाली
सर्कलच करूचो आसात तर आत शॉर्ट घाला मुलींका, एवढा काय त्यात. आणि उतरवूची घाई आसात तर तळाक कपड्यांचे चिमटे लाव, वजनान एका रातीत उतारता. मी तसाच करतंय.

शिंपीणकाकू
शॉर्ट घालाच. चिमट्यांचं मला पटत नाही, चिमटा जिथे लावला तिथेच कापड ओढलं जातं आणि खोटी खोच पडते. पण तुझे स्कर्ट नीट निघत असतील तर मी कोण सांगणारी? मी नुसतंच टांगते, वेळ घेते.

सुईदोरा
एक थरांचा शिवून बघितला काल रात्री. शेजारच्या मुलीला घालून अंगणात फिरवली. सर्कल गुडघ्याच्या वर उचलला गेला, थरांचा पोटरीपर्यंतच आला, पण वाऱ्यात जागेवर राहिला. सर म्हणतात छत्रीच हवी. मुख्याध्यापक बाई म्हणतात थरांचाच. उद्या दोन्ही दाखवते, ठरेल काय ते.

काकू, थरांचे ठरले तर काठ किती आणू? दुकानात जरीचा काठ ऐकून पोटात गोळा आला.

शिंपीणकाकू
तळाचा घेर १९२ इंच म्हणजे एका स्कर्टला जवळजवळ पाच मीटर, आठांना चाळीसच्या आत. विकत कशाला घेतेस? जुनी नऊवारी मिळाली तर एकेकीला दोन काठ, प्रत्येकी आठ मीटरच्या आसपास. तीन साड्या पुरतील, थोडे जोड येतील ते चुणीत लपतील. फक्त काठ आधी पाण्यात घालून बघ, रंग सोडतो का आणि आटतो का.

सुईदोरा
आमच्या वाडीत दोन आज्या आहेत ज्यांच्या पेट्या अजून बंद आहेत. तिसरी साडी कुणाकडे मिळते बघते.