प्रतिसाद : विटा होतात, मग भिंता का नाही?

«वीटचं अनेकवचन विटा, मग भिंतचं भिंती कसं? पाचवीतल्या मुलीला यादी पाठ करायला सांगू की काही नियम आहे?»

यादी नको. दोन्ही शब्द अकारान्त स्त्रीलिंगी आहेत, त्यामुळे नुसत्या रूपावरून फरक कळणार नाही. तिला शब्दापुढे ‘ला’ लावायला सांगा. विटेला, चिंचेला, जिभेला असा ‘ए’ आला, की अनेकवचन विटा, चिंचा, जिभा. भिंतीला, चुलीला, म्हशीला असा ‘ई’ आला, की भिंती, चुली, म्हशी. एकवचनाचं हे सामान्यरूप मुलं रोज बोलतातच, फक्त तिकडे लक्ष वेधायचं.

कारण जुनं आहे. संस्कृतात जिह्वा, माला आकारान्त, म्हणून जिभा, माळा. भित्ति, चुल्ली, महिषी यांच्या शेवटी इ किंवा ई, म्हणून भिंती, चुली, म्हशी. शेवटचा स्वर एकवचनात गळला, तरी त्याचा माग सामान्यरूपात आणि अनेकवचनात राहिला.

आपल्या गोव्यातल्या मुलांना कोंकणीचाही आधार होतो. घरी ‘वाटो’ म्हणतात तिथे मराठीत ‘वाटा’, आणि ‘भयणी’ तिथे ‘बहिणी’. मात्र कोंकणीतला ‘ओ’ मराठी निबंधात उतरतो, तेवढा तपासत जा.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांना संस्कृत मूळ नाही, पण ‘ला’ची कसोटी त्यांनाही लागते: तारखेला–तारखा, जमिनीला–जमिनी. अडतं ते ‘बस’सारख्या शब्दांपाशी. ‘बसला’ म्हणताना सामान्यरूप होतच नाही, त्यामुळे कसोटी काही सांगत नाही. तिथे ‘दोन बस’ किंवा रूढ झालेलं ‘बसेस’ लिहावं.