मदत हवी आहे: ब्रेक दाबला की एकच काटा पडतो

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. काल मानपूरचा घाट लागायच्या आधीच माझ्या ट्रकचा एअर बझर वाजला आणि लाल दिवा लागला. एक काटा साडेसात बारवर, पुढच्या ब्रेकचा मात्र चारच्या खाली. लगेच कडेला घेऊन हँडब्रेक ओढला, चाकांखाली दगड लावले. क्लीनर म्हणाला, "दादा, रेस द्या, हवा भरेल." भरलीही, आठपर्यंत. पण घाटात वारंवार ब्रेक लागतो, म्हणून मी पुढे गेलो नाही.

मग इंजिन बंद करून पाहिलं. पेडल सोडलेलं असताना दहा मिनिटांत काटा हलला नाही. पेडल दाबून धरलं की मिनिटभरात दीड बार खाली, आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ सूं आवाज. म्हणजे टाकी, कंप्रेसर ठीक असावेत. गळती पेडलच्या पुढे आहे.

ब्रेक चेंबरचा डायफ्राम फाटला असेल की होज पाइप? साबणाचं पाणी नेमकं कुठे लावून बघू? आणि मेकॅनिक इथेच बोलावू ना? मालक म्हणतात, रिकामी करून हळू आण. मला ते पटत नाही.