मदत हवी आहे: अबू लहब, पेत्र आणि ईश्वराचे पूर्वज्ञान

तर्कट (धागाकर्ता): परवा अभ्यासमंडळात निबंध वाचायचा आहे आणि मी एकाच जागी अडकलो आहे. ईश्वराला सारे भविष्य ठाऊक असेल तर माणूस स्वतंत्र कसा, या प्रश्नावर रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचे उत्तर असे, की ईश्वर काळाबाहेर असल्याने त्याला काहीच 'आधी' कळत नाही. सारा काळ त्याला एकदम समोर दिसतो, आणि समोरचा माणूस चालताना दिसला म्हणून काही तो चालायला बांधला जात नाही. येथपर्यंत ठीक. पण अबू लहबाचे काय? कृपया लवकर सांगावे, 'आधी अमुक वाचा' असे सल्ले नकोत.

जुनी वही: अबू लहबाचे नेमके काय, हे आपण लिहिलेलेच नाही. कुराणातील १११ वी सूरा अभिप्रेत आहे का? आणि आक्षेप कोणाचा?

तर्कट: तीच सूरा, आणि आक्षेप इस्लामी धर्मपंडित फख्रुद्दीन राझींचा. हे सर्वांना ठाऊक असेल असे मला वाटले. प्रेषितांचा हा चुलता जिवंत असतानाच, तो आगीत पडेल असे सूरेने सांगून टाकले. पुढे ६२४ मध्ये, बद्रच्या लढाईनंतर थोड्याच दिवसांत, तो श्रद्धा न ठेवताच मेला. मधल्या काळात त्याच्यावरही सर्व वचनांवर श्रद्धा ठेवण्याचे बंधन होतेच. म्हणजे आपण श्रद्धा ठेवणार नाही, यावरही त्याने श्रद्धा ठेवायची!

खडू-फळा: यात अवघड काय आहे? मी तीस वर्षे गणित शिकवले. कोण नापास होणार हे सहामाहीलाच कळते, पण माझ्या कळण्याने मुलगा नापास होत नाही. इस्लाममधील मुअतझिला पंथाचे पंडित हेच म्हणत, की ज्ञान ज्ञेयाच्या मागून चालते.

जुनी वही: हे अर्धेच झाले, सर. आपला अंदाज चुकू शकतो, ईश्वराचा चुकू शकत नाही. आणि राझी नेमके तेथेच बोट ठेवतात, कारण अबू लहबाने श्रद्धा ठेवली तर ईश्वराचे ज्ञान अज्ञान ठरेल. त्यावर, त्याने श्रद्धा ठेवली असती तर ईश्वराला पूर्वीपासून तेच ठाऊक असते, असे म्हणता येते. पण ती सूरा लोकांच्या तोंडी पाठ झालेली होती. काळाबाहेरचे ज्ञान एकदा शब्द होऊन काळात उतरले, की बोएथियसचा आडोसा उरत नाही. धागाकर्त्यांची अडचण ही असावी.

सुमनताई: माझ्या नणंदेचे लग्न टिकणार नाही असे गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितले होते. ते ऐकल्यापासून घरातले सगळे तिच्याशी जपून वागू लागले आणि लग्न खरेच मोडले. हे भाकितामुळे झाले की नशिबामुळे, ते आजही मला कळलेले नाही.

तर्कट: ताई, हा ज्योतिषाचा धागा नाही.

वसईकर: ताईंचा मुद्दा अगदीच बाहेरचा नाही, कारण येशूचा शिष्य पेत्र यालाही आधी सांगितले होते. कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील, असे येशूने तोंडावर सांगूनही त्याने नाकारलेच. आमच्या चर्चमध्ये शुभ शुक्रवारी हा प्रसंग वाचतात. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑखमच्या मते अशा भाकितांत न उच्चारलेली अट असते, जसे 'चाळीस दिवसांत निनवे नष्ट होईल' असे योनाने सांगितले, पण लोकांनी पश्चात्ताप केला आणि शहर वाचले. पेत्राला मात्र ही अट नीट बसत नाही. म्हणून मला जेझुइट पंथाचा मोलिना पटतो. पेत्र अमुक परिस्थितीत स्वतःच्या इच्छेने काय करील, हे ईश्वराला जग निर्माण करण्याआधीच ठाऊक असते, असे त्याने १५८८ च्या ग्रंथात मांडले. भाकीत त्या ज्ञानातून येते, पेत्राला बांधून नव्हे.

तर्कट: पेत्र जन्मण्याआधी 'पेत्र असे करील' हे विधान खरे कशामुळे ठरते?

वसईकर: डोमिनिकन पंथाच्या बान्येझचाही रोख हाच होता. रोममध्ये १५९८ ते १६०७ हा वाद चालला आणि पोप पाचव्या पॉलने कोणालाच दोषी न ठरवता तो थांबवला. त्यामुळे परवापर्यंत मी तो सोडवीन, अशी अपेक्षा नसावी.

खडू-फळा: मी पुन्हा सांगतो, ज्ञान म्हणजे कारण नव्हे.

जुनी वही: सर, इस्लाममधील अशअरी परंपरेत कृतीच ईश्वर निर्माण करतो आणि माणूस ती फक्त 'कमावतो', तेथे कारणाचा प्रश्न ज्ञानाशी नव्हे, निर्मितीशी येतो, आणि राझी त्याच परंपरेतले. मला निबंधासाठी दुसरी फट दिसते. सूरा आगीबद्दल बोलते, अश्रद्धेबद्दल नाही. आग पापाबद्दलही असू शकते, म्हणून राझींच्या कोड्याला 'आगीत पडेल म्हणजे श्रद्धा ठेवणारच नाही' हे एक जादा गृहीतक लागते.

तर्कट: हे उपयोगी आहे. पण दुसऱ्या सूरेच्या सहाव्या आयतीत, सावध केले काय आणि न केले काय, ते श्रद्धा ठेवणार नाहीत, असे स्पष्टच आहे. राझी तेथेही हा वाद काढतात.

जुनी वही: तेथे नाव कोणाचेच नाही. ऐकणाऱ्याला, आपण त्या 'ते' मध्ये आहोत की नाही, हे कोठे ठाऊक असते?

तर्कट: त्याला नसेल, ईश्वराला आहे. म्हणजे मी पुन्हा पहिल्या ओळीवरच आलो.