प्रतिसाद: इयरफोनवर चांगलं, फोनवर नाही

«इयरफोन लावून ऐकलं तर व्हिडिओ झकास वाटते. गिऱ्हाईक म्हणतात, बोलणं समजतच नाही. काय चुकलं?»

आमच्या दादाचं दुकान दारव्ह्याकडच्या एका खेड्यात आहे. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी, झुली, बेगड विकतो. घरचे झोपले म्हणून त्यानं इयरफोन लावूनच व्हिडिओ जोडला, मागं ढोल टाकला आणि स्टेटसला ठेवला. अर्ध्या तासात मामाचा फोन, "काहून बाप्पा, भाव काय सांगतं ते समजूनच नाही राह्यलं!"

दादानं इयरफोन काढून फोनवर वाजवलं. फोनच्या बारक्या स्पीकरमधून ढोलाचा घुमारा येतच नाही, नुसती टिपरीची कडकड येते, आणि ती नेमकी बोलण्यावर बसते. त्यानं आधी बोलण्याचा आवाज वाढवला, तर त्यातली पंख्याची घरघरही वाढली. मग रात्री साडेअकराला तो मागच्या खोलीत झुलींच्या ढिगाशेजारी बसला. कापडामुळे खोली घुमत नाही. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, थोडा बाजूला, म्हणजे 'भाव'मधल्या भ चा फुस्कारा येत नाही. "लहान नंदी दीडशेपासून," तीनदा बोलला, तिसरं ठेवलं.

जुन्या क्लिपचा आवाज शून्यावर नेला, ढोल 80 वरून 12 वर. बोलणं संपल्यावर शेवटचे तीन सेकंद तेवढा ढोल 60. सेव्ह करून फोन काउंटरवर ठेवला आणि चार पावलं मागं जाऊन ऐकलं. दीडशे स्पष्ट ऐकू आलं. तेव्हा एक वाजला होता.