पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की भलतीच चिन्हं येतात. पाठवणाऱ्याकडे नेमकं काय मागू?

अनघा_सं
एका स्मरणिकेचं संपादन करतेय. एका ज्येष्ठ लेखकांनी ४२ पानांची पीडीएफ पाठवलीय. स्क्रीनवर सुरेख दिसते, छापली तरी नीट येते. पण मजकूर उचलून वर्डमध्ये टाकला की 'मराठी भाषा' या दोन शब्दांचं हे होतं:

```
_amR>r ^mfm
```

पान २३ पासून वेगळीच तऱ्हा. तिथे मराठी येतं, पण मोडकं. 'विद्यार्थी' असा येतो:

```
िव�ाथ�
```

"पीडीएफ खराब आहे, कृपया नीट पाठवा" असं त्यांना एकदा कळवलं. त्यांनी तीच फाइल पुन्हा पाठवली आणि खाली लिहिलं, "माझ्याकडे व्यवस्थित दिसते." आता परत विचारायचं तर एकदाच, नेमकं विचारावं म्हणते. काय विचारू?

निखिल_टाइप
एवढं काही नाही त्यात. सगळा मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्ट मंगल करा. नाहीच झालं तर नेटवर क्रुतिदेवचा कन्व्हर्टर मिळतो, त्यात पेस्ट करा.

अनघा_सं
दोन्ही केलं. मंगल लावून ती चिन्हं जशीच्या तशी राहिली. कन्व्हर्टरमधून देवनागरी आली खरी, पण एक शब्द वाचता येईल तर शपथ.

सुलभाताई
माझ्या मोबाइलवर पीडीएफ उघडली की सगळे चौकोन दिसतात. तोच प्रॉब्लेम का?

खिळेजुळारी
सुलभाताई, तुमचं वेगळं आहे. तुमच्या फाइलमध्ये बहुतेक फॉन्ट आतच घातलेला नाही, म्हणून ती दिसतानाच बिघडते. पाठवणाऱ्याला 'फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ करा' एवढं सांगितलं तरी पुरे.

अनघाताईंची फाइल दिसते नीट, उचलताना बिघडते. पीडीएफ आपल्याला अक्षराचं चित्र दाखवते, पण कॉपी करताना चित्र येत नाही, त्यामागचा संकेत येतो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये इंग्रजी चिन्हाच्या घरात मराठी अक्षर बसवलेलं असे. तुमच्या नमुन्यात `_` च्या घरात म आहे, `a` च्या घरात र, `m` म्हणजे काना, `R>` म्हणजे ठ आणि `r` म्हणजे दुसरी वेलांटी. मंगलमध्ये `_` हा `_` च असतो, मग म कुठून येणार? आणि क्रुतिदेवमध्ये घरं वेगळी. तिथे हाच 'मराठी' शब्द `ejkBh` असा येतो. म्हणून निखिल, कन्व्हर्टरची कल्पना बरोबर, पण आधी फॉन्ट कुठला ते कळायला हवं.

अनघाताई, अ‍ॅडोबी रीडरमध्ये फाइल उघडून आधी शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करा, कारण न पाहिलेल्या पानांचे फॉन्ट यादीत येत नाहीत. मग `Ctrl+D` दाबा आणि `Fonts` मध्ये काय दिसतं ते इथे लिहा.

अनघा_सं
दोन नावं आहेत. `Shree-Dev-0714` आणि `BCDEEE+Mangal`. दुसऱ्यापुढे `Identity-H` असंही काहीतरी आहे.

खिळेजुळारी
मग दोन ठिकाणी तयार झालेल्या फाइली जोडलेल्या दिसतात. पहिली २२ पानं श्रीलिपीतली, पुढची युनिकोडमधली.

पहिल्या भागाला श्रीलिपीचा कन्व्हर्टर चालेल, कारण प्रत्येक अक्षराचा संकेत ठरलेला आहे. दुसऱ्या भागाला कुठलाच चालणार नाही. तिथे मूळ मजकूर चांगला असणार, पण पीडीएफ करताना 'हे चित्र म्हणजे ही अक्षरं' ही नोंद जोडाक्षरांपुरती गळाली. तुमचाच शब्द बघा. पहिला `�` 'द्य'चा आहे, दुसरा वेलांटी आणि रफार मिळून झालेल्या खुणेचा. दोन वेगळ्या गोष्टींना एकच चिन्ह, आता ते उलटं फिरवायचं कसं? शिवाय पहिली वेलांटी व च्या आधी येऊन बसलीय, कारण मजकूर दिसतो त्या क्रमाने उचलला गेला.

तेव्हा त्यांच्याकडे 'नीट पीडीएफ' मागूच नका. त्यांच्या दृष्टीने ती नीटच आहे. मी असं लिहीन:

"सर, पीडीएफ छान दिसते आहे. मला मजकूर संपादनासाठी हवा आहे, म्हणून तीन गोष्टी कळवाल का? लेख कुठल्या प्रोग्रॅममध्ये टाइप झाला आणि ती मूळ फाइल आहे का? तिथे एखाद्या शब्दावर क्लिक केल्यावर फॉन्टच्या चौकटीत कुठलं नाव दिसतं? आणि त्या मूळ फाइलमधली (पीडीएफमधली नको) एक ओळ कॉपी करून मला मेसेजमध्ये पेस्ट कराल का? पान ५ आणि पान ३० ची एकेक ओळ चालेल."

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. मेसेजमध्ये फॉन्ट जात नाही, संकेत तेवढे जातात. ओळ मराठीत आली तर मूळ फाइल युनिकोडमध्ये आहे, ती मागवा आणि पीडीएफ विसरा. चिन्हं आली तर वर्डची फाइल मिळूनही चिन्हंच मिळतील, तेव्हा फॉन्टचं नाव लागेल.

प्र_मो_द
एवढा पत्रव्यवहार कशाला? पानांच्या इमेज काढून ओसीआर करा. त्याला फॉन्टशी देणंघेणं नसतं, तो चित्र वाचतो. ४२ पानं म्हणजे एका संध्याकाळचं काम.

खिळेजुळारी
दुसऱ्या भागाची मूळ फाइल मिळालीच नाही तर तेच करावं लागेल, ३०० डीपीआयला. पण ओसीआरची चूक दिसायला शहाणी असते. 'घ'चा 'ध' होतो, अनुस्वार गळतो आणि शब्द तरी शब्दासारखाच दिसतो. कन्व्हर्टरची चूक ओबडधोबड असते, लगेच डोळ्यात खुपते. आडनावं आणि सनावळ्या असलेल्या लेखात मला दुसरी बरी वाटते.

प्र_मो_द
ज्याची त्याची आवड. मी ओसीआरवर दोन पुस्तकं काढलीत.

अनघा_सं
उत्तर आलं! पान ३० ची ओळ स्वच्छ मराठीत आली. तो भाग त्यांनी स्वतः वर्डमध्ये टाइप केला होता. मागितल्याबरोबर `.docx` पाठवली, त्यात 'विद्यार्थी' धडधाकट आहे. पान ५ चा भाग मात्र बाहेरून पेजमेकरमध्ये करून घेतला होता आणि त्यांच्याकडे फक्त पीडीएफ उरलीय. म्हणून तो श्रीलिपीच्या कन्व्हर्टरमधून काढला. नव्वद टक्के वाचता येतोय. पण मध्ये मध्ये जे इंग्रजी शब्द होते त्यांचीही देवनागरी झालीय, आणि काही शब्दांत एखादं अक्षर सरळ गायब आहे.

खिळेजुळारी
इंग्रजीचं होणारच. पीडीएफमधून साधा मजकूर उचलल्यावर कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ते कन्व्हर्टरला कळत नाही. मूळ फाइल असती तर तेवढे शब्द वगळता आले असते. आता पीडीएफ शेजारी उघडून ते हातानेच घाला.

गायब अक्षराचं बघायचं तर वर्डला वळसा घाला. या फॉन्टमध्ये काही अक्षरं अशा घरात असतात जी वर्ड आणि ब्राउझर अदृश्य हायफन किंवा विशेष स्पेस समजतात, आणि पेस्ट करताना ती गळू शकतात. पीडीएफमधून थेट नोटपॅडमध्ये टाका, तिथून कन्व्हर्टरमध्ये. गळालेलं अक्षर प्रत्येक वेळी एकच आहे का?

अनघा_सं
नोटपॅडमार्गे केल्यावर बरीच परत आली. एक जोडाक्षर अजून येत नाही, आणि हो, दर वेळी तेच. कन्व्हर्टरच्या तक्त्यातच नसेल का ते?

निखिल_टाइप
दर वेळी तेच असेल तर फाइंड-रिप्लेस मारा की. त्या जागी काहीतरी खूण उरलीय का?

अनघा_सं
काही ठिकाणी उरलीय, काही ठिकाणी नुसती मोकळी जागा. उरलीय तिथलं आज बदलते. बाकीची पानं प्रिंट काढून ओळीओळीने ताडून बघणार.